आवडीच्या विषयातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? एम.ए.चा पहिला प्रकल्प करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीत एम.ए. समाजशास्त्राच्या मुलांना मी प्रकल्पासाठी मार्गदर्शन करते. सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, सांगलीच्या महापुराचं. एका विद्यार्थिनीने याच विषयापासून सुरुवात केली होती आणि तिचा प्रश्न कसा बदलत गेला ते मी जवळून पाहिलं आहे.

माझा विषय ठरला आहे, 'सांगलीचा महापूर'. आता आणखी काय ठरवायचं?

अजून प्रश्न ठरलेला नाही. विषयाला उत्तर नसतं. 'सांगलीचा महापूर' हे वाक्य कुणाला ऐकवा, समोरचा म्हणेल, "बरं, त्याचं काय?" त्या 'काय'मध्ये तुमचा प्रकल्प आहे. पूर का येतो, नुकसान कुणाचं जास्त होतं, मदत कुणापर्यंत पोचते, लोक घर कधी सोडतात, पुरानंतर भाडी उतरतात का, शाळा बुडाल्यावर कुठल्या मुलांचं शिक्षण तुटतं, हे सगळं त्या एका विषयात कोंबलेलं आहे. यातलं प्रत्येक काम वेगळं आहे. एकासाठी नदीच्या पातळीची आकडेवारी लागते, दुसऱ्यासाठी दारोदार फिरावं लागतं, तिसऱ्यासाठी शाळेची हजेरीपत्रकं चाळावी लागतात.

प्रश्न झाला की नाही हे ओळखायची माझी साधी खूण आहे. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं. आणि ते वाक्य वाचून उद्या सकाळी कुणाच्या दारात जायचं आणि तिथे काय विचारायचं, हे सांगता यायला हवं.

जिल्ह्याऐवजी तालुका, तालुक्याऐवजी एक गाव घेतलं की प्रश्न नेमका होतो ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच फसतात. 'सांगली जिल्ह्यातील पूरग्रस्तांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास' या शीर्षकात जिल्ह्याच्या जागी वॉर्ड क्रमांक घातला, त्यापुढे 'विशेष संदर्भ २०१९' असं जोडलं, तरी विषय फक्त आकाराने लहान होतो. विषय लहान करणं आणि प्रश्न तयार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम कात्रीने होतं. दुसऱ्यासाठी तुम्हाला काहीतरी खटकावं लागतं.

'समस्या' हा शब्द शीर्षकात दिसला की मी आता थांबवतेच. त्या शब्दाबरोबर जी प्रश्नावली तयार होते ती मला पाठ झाली आहे: वय, शिक्षण, उत्पन्न, घर पक्कं की कच्चं, पाणी आलं का, त्रास झाला का, मदत मिळाली का. शेवटी 'बहुसंख्य उत्तरदात्यांना त्रास झाला' असा निष्कर्ष निघतो. तो घराबाहेर पाऊल न टाकताही लिहिता आला असता.

मग खटकणारी गोष्ट सापडते कुठे?

लोकांशी बोलताना, आणि हातात प्रश्नावली नसताना. आमची विद्यार्थिनी सुरुवातीला 'पूरग्रस्त महिलांच्या समस्या' हेच घेऊन आली होती. मी तिला सांगितलं की एक शनिवार काढ, नदीकाठच्या गल्लीत तीन-चार घरी जा, वहीत काही लिहू नकोस, नुसती ऐकून ये.

एका घरी एक आजी भेटल्या. भिंतीवर छातीच्या उंचीला २०१९ च्या पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसत होती, रंग दिल्यावरही ती वर आली होती. आजींनी रेघेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाचच्या साली पानी त्या लिंबापातूर आल्तं. उंबऱ्याला न्हाई शिवलं. मग ह्या बारीला तरी कशाला येतंय म्हणून आमी बसलो." पुढच्या गल्लीतल्या, आणखी सखल घरातल्या बाई मात्र म्हणाल्या होत्या की पाणी गल्लीच्या तोंडाशी दिसताच त्यांनी जनावरं सोडली आणि पोरांना घेऊन निघाल्या, कारण पाच साली त्यांचं सगळं गेलं होतं.

पोरगी परत आली ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं ज्यांनी पूर पाहिलाय ते सगळेच लवकर निघत असतील." तिला खटकलं ते हेच. दोघींनीही २००५ चा पूर पाहिला होता. एकीला त्या आठवणीने घराबाहेर काढलं, दुसरीला घरात बसवून ठेवलं.

पार्श्वभूमी इतकीच की सांगलीत पुराचं माप म्हणजे आयर्विन पुलाजवळची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी साधारण ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर. म्हणजे मधल्या चारेक फुटांच्या पट्ट्यात अशी घरं आहेत जी २००५ ला कोरडी राहिली आणि २०१९ ला बुडाली. हे आकडे सांगलीत सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या पट्ट्यातल्या माणसांनी काय विचार केला असेल, हा प्रश्न त्या आजींच्या वाक्यामुळे पडला.

त्या एका वाक्यापासून प्रश्नापर्यंत कसं यायचं?

एकदम नाही येत. तिने पाच-सहा वेळा लिहिला, त्यातले महत्त्वाचे टप्पे सांगते.

पहिल्यांदा तिने लिहिलं, 'पुराच्या पूर्वानुभवाचा लोकांवर काय परिणाम होतो?' यात 'लोक' म्हणजे कोण ते कळत नाही आणि 'परिणाम' कशावर तेही कळत नाही. मनावर, खिशावर, की वागण्यावर?

दुसऱ्यांदा 'पूर्वानुभव असलेली कुटुंबं २०१९ मध्ये लवकर बाहेर पडली का?' असं झालं. हा खरा प्रश्न आहे, पण तिला खटकलेली गोष्टच यातून निसटली. त्या आजींनाही पूर्वानुभव होता. अनुभव 'आहे' किंवा 'नाही' असे दोन रकाने केले तर आजी आणि सखल घरातल्या बाई एकाच रकान्यात पडतात.

तिसऱ्यांदा तिने अनुभवाचेच दोन भाग केले, २००५ ला घरात पाणी आलेली कुटुंबं आणि पाणी दारापर्यंत येऊन परत गेलेली कुटुंबं. आणि प्रश्न असा लिहिला: '२००५ च्या पुरात घर कोरडं राहिलेली कुटुंबं २०१९ मध्ये घर सोडायला, २००५ ला घर बुडालेल्या कुटुंबांपेक्षा, उशीर करतात का?'

इथे मी एक अडचण काढली. २००५ ला बुडालेली घरं सखल आहेत, त्यामुळे २०१९ मध्ये तिथे पाणी आधीच पोचणार आणि ती माणसं तारखेने आधीच निघणार. त्यात आठवणीचा काही संबंध नसेलही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत पाणी आधी शिरतं हे कुणीही सांगेल. तेव्हा 'कुठल्या तारखेला निघालात' हे मोजून उपयोग नाही. दोन दिवस विचार करून तिनेच उपाय आणला: तारीख सोडायची आणि प्रत्येक घराचं माप त्याच्या स्वतःच्या उंबऱ्यापासून घ्यायचं. माणसं निघाली तेव्हा पाणी गल्लीत होतं, पायरीला होतं, की घरात होतं?

शेवटी सिनॉप्सिसमध्ये गेलेला प्रश्न असा: 'सांगली शहराच्या नदीकाठच्या वस्तीतील, २००५ पासून त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबांपैकी, ज्यांचे घर २००५ मध्ये कोरडे राहिले ती कुटुंबे २०१९ च्या पुरात, घर बुडालेल्या कुटुंबांच्या तुलनेत, पाणी उंबऱ्याच्या अधिक जवळ आल्यावर बाहेर पडली का, आणि त्या निर्णयाची ती काय कारणे सांगतात?'

वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा एक काम करतो. 'त्याच घरात राहणारी' म्हटल्याने नंतर आलेले भाडेकरू आपोआप बाहेर राहतात. 'कारणे' जोडल्याने मोजणीबरोबर बोलणंही आलं.

या प्रश्नाचं उत्तर मला मिळेल का, हे आधीच कसं ओळखायचं?

सर्व्हे करण्याआधी रिकामा तक्ता काढा. कागदावर दोन आडव्या ओळी: 'घर २००५ ला कोरडं' आणि 'घर २००५ ला बुडालेलं'. तीन उभे रकाने: पाणी गल्लीत यायच्या आधी निघाले, गल्लीत आल्यावर निघाले, घरात शिरल्यावर निघाले. सहा चौकोन झाले. आता पेन्सिलीने त्यात कल्पनेतले आकडे भरा, तीन वेगवेगळ्या प्रकारे. एकदा तुमचा अंदाज बरोबर ठरेल असे, एकदा उलट, एकदा दोन्ही ओळी सारख्या. प्रत्येक वेळी खाली एक वाक्य लिहा की 'असं आलं तर मी असं म्हणेन.'

तीनही वाक्यं वेगवेगळी निघाली तर प्रश्नाला उत्तर आहे. काहीही आकडे भरले तरी 'लोकांना जागृत करण्याची गरज आहे' हेच वाक्य येत असेल, तर तुम्ही उत्तर आधीच ठरवून बसला आहात. आणि रकान्यांना नावंच देता येत नसतील, तर नेमकं काय मोजायचं हे अजून ठरलेलं नाही. बरीच मुलं हे काम माहिती गोळा झाल्यावर करतात, तेव्हा कळतं की लागणारी बाब प्रश्नावलीत विचारलेलीच नाही.

मला अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, हे शोधायचं आहे. चालेल?

प्रश्न चांगला आहे, पण तुमच्या हातात तो सुटणार नाही. कृष्णा आणि वारणेचे विसर्ग, पाणलोटातला पाऊस, कोयनेतून सोडलेलं पाणी, नदीपात्राचे उतार आणि छेद, हे सगळं घेऊन जलशास्त्रीय गणित मांडावं लागतं. २०१९ नंतर सरकारने त्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली होती. समाजशास्त्राच्या एकट्या विद्यार्थ्याकडे ना ती साधनं आहेत ना ते शिक्षण.

पण त्याच्या शेजारीच तुमच्या आवाक्यातला प्रश्न आहे. पुराचं कारण विचारलं की कुठल्या वस्तीत लोक धरणाचं नाव घेतात, कुठे नदीपात्रातल्या बांधकामांचं, कुठे पावसाचं, आणि हे बोलणं कुठून त्यांच्यापर्यंत येतं? यासाठी माणसांशी बोलावं लागतं, आणि ते तुम्हाला येतं. प्रश्न आवाक्याबाहेर गेला की विषय टाकून देऊ नका, त्या प्रश्नाची माणसांकडची बाजू शोधा.

शीर्षकात 'परिणाम' हा शब्द वापरू का?

शक्यतो नको. 'परिणाम' म्हटलं की 'दुसऱ्या कशामुळे हे झालं नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी येते. आमच्या उदाहरणातच बघा. वरचा मजला असलेलं कुटुंब सामान वर चढवून घरात थांबतं. गोठ्यात म्हैस असलेलं कुटुंब तिची सोय लागेपर्यंत हलत नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर हिशोब आणखी वेगळा. यातलं काहीही घर सोडायची वेळ बदलू शकतं आणि त्याचा २००५ शी काही संबंध नसेल. म्हणून या तीन गोष्टी प्रत्येक घरी विचारून नोंदवायच्या, आणि प्रश्नात 'तुलनेत फरक दिसतो का' एवढंच म्हणायचं. तेवढं तुम्ही खात्रीने सांगू शकता.

किती घरं घ्यायची? शंभर हवीत असं सगळे म्हणतात.

तुमच्या शनिवार-रविवारांची मोजणी करा. नीट बोलायचं तर एका घरी पाऊण तास जातो, परत येऊन लिहायला तेवढाच. दिवसाला चार घरं झाली तर पुष्कळ. दहा दिवस मिळाले तर चाळीस, त्यातली काही कुलूपबंद, काही 'नंतर या' म्हणणारी. हातात तीसेक राहतात. तेव्हा दोन गट, प्रत्येकी पंधरा. आमच्या मुलीने सुरुवातीला तिसरा गटही ठेवला होता, २००५ नंतर राहायला आलेल्यांचा. तीस घरं तीन गटांत वाटली तर प्रत्येक चौकोनात तीन-चारच उरतात, म्हणून तो काढला. किती घरं झेपतात यावरही प्रश्नाचा आकार ठरतो.

पंधरा घरांवर टक्केवारी लिहू नका. '६६.६७ टक्के' वाचायला भारदस्त वाटतं, पण ती दहा घरं आहेत, तर दहा घरं असंच लिहा. काय-वर्ग चाचणीही इथे लावू नये, कारण चौकोनांतल्या अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेल्या की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि ही घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, त्यामुळे निष्कर्ष सांगली शहराचा म्हणून मांडता येत नाही. त्या वस्तीत निर्णय कसे झाले हे मात्र तपशिलात सांगता येतं.

इतक्या वर्षांनी लोकांना खरं आठवतं का?

'तुम्ही कधी निघालात?' असं विचारलं तर उत्तर येतं, "लगेच निघालो." सगळेच लगेच निघालेले असतात. आमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या चार पायलट मुलाखती अशाच वाया गेल्या. मग तिने तारीख विचारणं सोडलं आणि आठवणीला खुंटी दिली. २०१९ ला नागपंचमी ५ ऑगस्टला होती आणि राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला. "पंचमीचं जेवण घरी झालं का?" या प्रश्नाला बायका क्षणभरही थांबत नव्हत्या. मग पुढचं: निघताना लाईट होती का? पाण्यातून चालत गेलात की बोटीतून? गाडी बाहेर काढता आली का? बोटीतून गेलेलं घर कुठल्या रकान्यात जातं हे वेगळं विचारावं लागत नाही.

प्रश्नातला मुख्य शब्द, आमच्याकडे 'केव्हा', माणसांना सांगता येण्यासारखा आहे का, हे पायलटमध्येच कळतं. सांगता येत नसेल तर प्रश्न बदला. चार मुलाखती झाल्यावर बदलणं सोपं असतं, तीस झाल्यावर नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वही घेऊन दारात उभं राहिलं की लोकांना पंचनामा आठवतो. नुकसानीचा आकडा विचारला तर तो मदतीच्या आशेने किंवा मदत न मिळाल्याच्या रागाने सांगितला जातो, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. त्यामुळे नुकसान मोजणारा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याने घेऊच नये असं माझं मत आहे. आणि आपल्याकडून कसलीही मदत मिळणार नाही, हे बसण्याआधीच स्पष्ट सांगा.

वाचन आधी करायचं की प्रश्न आधी?

थोडं वाचा, मग गल्लीत जा, मग नीट वाचा. प्रश्न हातात आल्यावर शोधायचे शब्दही बदलतात. आधी ती 'महापूर सांगली' शोधत होती आणि बातम्या मिळत होत्या. नंतर `flood evacuation decision prior experience` असं शोधलं तेव्हा कामाचे लेख दिसू लागले, आणि आधी थोडक्यात बचावलेल्यांना पुढचा धोका कमी वाटू शकतो हा विचार इतर देशांतही तपासला गेला आहे हे कळलं. म्हणजे प्रश्न आपला एकट्याचा नाही, आणि मोजमाप कसं करतात तेही शिकता येतं. शोधगंगेवर आपल्या विद्यापीठाचे जुने पीएच.डी. प्रबंधही चाळा, पण शीर्षकं उचलण्यासाठी नव्हे. त्यांनी शेवटच्या प्रकरणात काय करता आलं नाही म्हणून लिहिलंय, ते वाचा.

गाईड म्हणतात विषय फार छोटा आहे. काय करू?

नुसता प्रश्न दाखवू नका, रिकामा तक्ता आणि त्याखालची तीन वाक्यं घेऊन जा. काम किती आहे ते कागदावर दिसलं की बहुतेक वेळा हरकत राहत नाही. तरीही विभागाच्या रिवाजाप्रमाणे मोठं शीर्षक हवंच असेल तर शीर्षक त्यांच्या पसंतीचं ठेवा आणि 'संशोधनाचा प्रश्न' या मथळ्याखाली तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहा.

काम सुरू झाल्यावर प्रश्न बदलावा लागला तर?

बदला, फक्त तारीख टाकून वहीत लिहा की कधी आणि कशामुळे बदलला. आमच्या मुलीला बाराव्या-तेराव्या घरी लक्षात आलं की २०१९ ला सगळ्यात जास्त हाल झालेली काही कुटुंबं आता त्या गल्लीत नाहीतच, घर विकून किंवा भाड्याने देऊन ती विश्रामबागकडे वर गेली आहेत. म्हणजे तिला भेटत होती ती मागे राहिलेली माणसं. त्यांना शोधून काढायला वेळ नव्हता. तिने प्रश्नात 'आजही तिथेच राहणाऱ्या' हे शब्द घातले, शेजाऱ्यांना विचारून सोडून गेलेल्या घरांची फक्त संख्या नोंदवली आणि मर्यादांच्या भागात ती लिहिली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच संख्येवर विचारला, आणि तिने वही उघडून ती घरं गल्लीच्या नकाशावर एकेक करून दाखवली.